चढ तोच, हृदय तेच. मग उन्हात नाडी १६८ का?

पत्र: माझं वय ४४, वजन ७२ किलो. दर रविवारी आतकरवाडीतून पायवाटेने सिंहगड चढतो. डिसेंबरात सकाळी सातला निघून ५० मिनिटांत वर पोचायचो, घड्याळावर नाडी १४५ च्या आसपास दिसायची. एप्रिलमधल्या गेल्या रविवारी निघायलाच साडेनऊ झाले. वेळ तीच लागली, पण शेवटच्या टप्प्यात नाडी १६८, पाय उचलवेनात, आणि पुणे दरवाज्यात थांबलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. छातीत दुखलं नाही. पोट जड होतं म्हणून चढताना मी पाणी पीत नाही. ग्रुपमधला एक जण म्हणतो, विंडचीटर घालून चढ, घाम जितका जास्त तितकी चरबी जळते. माझ्या हृदयात काही बिघाड असेल का?
— सिंहगड रोडवरचा एक वाचक

उत्तर:

तुम्ही जे लिहिलंत ते सगळं निरोगी हृदयाच्या माणसालाही होऊ शकतं, आणि ते का होतं हे मी सविस्तर सांगणार आहे. पण त्याआधी एक काम करा. वय ४४ आहे आणि अंधारी आली आहे, तेव्हा पुढच्या चढाईआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, ईसीजी काढा आणि ट्रेडमिलवरची तपासणी लागेल का हे त्यांनाच ठरवू द्या. अंधारी चालणं थांबल्यावर आली, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. ती ऐन चढताना आली असती, सोबत छातीवर दाब किंवा धडधड असती, किंवा घरात कोणी कमी वयात अचानक गेलेलं असतं, तर मी ‘आधी तपासणी, बाकी सगळं नंतर’ एवढंच लिहून थांबलो असतो.

आता गडाकडे वळू. आतकरवाडीपासून पुणे दरवाज्यापर्यंत साधारण ६०० मीटरची उंची चढावी लागते. तुम्ही आणि पाठीवरची छोटी सॅक मिळून ७५ किलो धरू. एवढं वजन ६०० मीटर वर न्यायला प्रत्यक्ष काम लागतं ते जेमतेम १०५ किलोकॅलरींचं. पण स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात त्यातली पाचवा ते चौथा हिस्साच कामी येते, बाकीची उष्णता होऊन शरीरातच राहते. म्हणजे ५० मिनिटांत तुमच्या मांड्या आणि पोटऱ्यांनी सुमारे ४०० किलोकॅलरी उष्णता तयार केली, मिनिटाला ८ या हिशोबाने. ७२ किलोच्या शरीराचं तापमान १ अंशाने वाढायला ६० किलोकॅलरी पुरतात. ही उष्णता बाहेर पडलीच नसती तर तुम्ही वर पोचेपर्यंत शरीर साडेसहा अंशांनी तापलं असतं, आणि त्याआधीच तुम्ही कोसळला असता.

ती बाहेर पडते त्वचेतून, पण तयार होते आत खोल, मांडीच्या स्नायूत. तिथून त्वचेपर्यंत ती नेतं कोण? रक्त. स्नायूतून गरम होऊन आलेलं रक्त त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत पसरतं, तिथे थोडं निवतं आणि परत फिरतं. म्हणजे चढताना रक्ताला दोन कामं असतात: स्नायूंना प्राणवायू पोचवायचा आणि त्वचेपर्यंत उष्णता वाहून न्यायची. डिसेंबरात हे दुसरं काम इतकं हलकं असतं की ते चालू आहे हे कळतही नाही. एप्रिलमध्ये तेच डोईजड होतं, आणि तुमच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ इथे आहे, म्हणून जरा आकड्यांत बघू.

एक लिटर रक्त एका फेरीत किती उष्णता टाकून येईल, हे आतलं शरीर आणि त्वचा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. फरक १ अंशाचा असेल तर लिटरमागे साधारण ०.९ किलोकॅलरी बाहेर जाते. डिसेंबरच्या सकाळी गार वाऱ्याने त्वचा ३० अंशांवर असते आणि चढताना शरीर आतून ३८ अंशांवर. फरक ८ अंशांचा. म्हणजे प्रत्येक लिटर ७ किलोकॅलरींहून जास्त टाकून येतो, आणि मिनिटाला ८ किलोकॅलरी बाहेर काढायला त्वचेकडे सव्वा लिटरभर रक्त गेलं तरी भागतं. एप्रिलमध्ये साडेनऊनंतर ऊन अंगावर येतं, काळा कातळ तापलेला असतो, त्वचा ३५ अंशांवर जाते. आतलं शरीर ३८ वरच आहे असं धरलं तरी फरक उरतो फक्त ३ अंशांचा. आता तेवढीच उष्णता बाहेर काढायला मिनिटाला ३ लिटर रक्त लागतं. हा हिशोब ढोबळ आहे, शरीर थोडी उष्णता साठवूनही ठेवतं, पण दिशा आणि प्रमाण बरोबर आहे. चढ तोच, वेग तोच, आणि त्वचेची मागणी जवळजवळ तिप्पट.

हे जादा दोन लिटर आणायचे कुठून? गडावर जाताना तुम्ही ज्या खडकवासला धरणावरून जाता, तिथे दर उन्हाळ्यात हाच पेच असतो: पाणी शहराला द्यायचं की कालव्याला सोडायचं. शरीरात पहिली कपात होते पोटाची. आराम करताना हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवतं आणि त्यातलं जवळपास निम्मं आतडी, यकृत आणि मूत्रपिंडांकडे जातं. उन्हातल्या चढाईत त्यांचा हा वाटा निम्म्याहूनही खाली येतो. चढताना पाणी प्यायलं की पोट जड वाटतं, मळमळतं, त्याचं एक कारण हे आहे. आतड्यांना रक्तच कमी मिळत असताना तहान अनावर झाल्यावर एकदम अर्धी बाटली रिकामी केली, तर ते पाणी पोटात डुचमळत राहतं. तेच पाणी घोट-घोट आणि सुरुवातीपासून घेतलं तर निघून जातं. याच कारणाने गुडघे दुखू नयेत म्हणून चढाईआधी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेण्याची सवय कुणाला असेल तर उन्हाळ्यात ती मोडा. आधीच रक्त कमी मिळणाऱ्या मूत्रपिंडांचा पुरवठा या गोळ्या आणखी आवळतात.

पोटाची कपात करूनही पुरत नाही, तेव्हा बोजा हृदयावर येतो, आणि इथे एक अडचण उभी राहते जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्वचेतल्या शिरा मऊ आणि सैल असतात. त्या उघडल्या की रक्त त्यांच्यातून नुसतं वाहत नाही, तिथे साचूनही राहतं. जे रक्त त्वचेत अडकलं ते हृदयाकडे वेळेवर परत येत नाही. त्यात घाम. घाम येतो तो रक्तातल्या पाण्यातून, त्यामुळे एकूण साठाही कमी होत जातो. हृदय प्रत्येक ठोक्याआधी पूर्वीइतकं भरत नाही, म्हणून एका ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं.

तुमच्या नाडीचं उत्तर इथे सापडतं. समजा डिसेंबरात तुमचं हृदय एका ठोक्याला ११० मिलिलिटर रक्त ढकलत होतं. १४५ ठोक्यांचे झाले मिनिटाला १६ लिटर. एप्रिलमध्ये ठोका ९५ मिलिलिटरवर आला, तर तेच १६ लिटर द्यायला १६८ ठोके लागतात. ११० आणि ९५ हे आकडे मी तुमच्या नाडीवरून मांडले आहेत, मोजलेले नाहीत, पण निरोगी माणसाच्या मर्यादेतलेच आहेत. तुमच्या वयाला नाडीची कमाल अंदाजे १७७ असते. म्हणजे डिसेंबरात तुमच्याकडे १७७ गुणिले ११०, साडेएकोणीस लिटरपर्यंत जायची सोय होती आणि तुम्ही १६ वापरत होता, साडेतीन लिटर हातात राखून. एप्रिलमध्ये कमाल मर्यादाच पावणेसतरा लिटरवर उतरली. तुम्ही अजूनही १६ वापरत होता, राखीव उरलं पाऊण लिटर, आणि दोन लिटर जादा मागणारी त्वचा तिष्ठत उभी. पाय उचलवत नव्हते ते यामुळे. बेताच्या वेगाला शरीर स्नायूंचा पुरवठा बराच वेळ सांभाळून नेतं. पण कमाल मर्यादेला टेकलात की स्नायूंचा वाटाही तुटू लागतो. शिवाय तापलेला स्नायू साठवलेली साखर जास्त वेगाने जाळतो, त्याचीही रग लागते.

घड्याळातल्या नाडीबद्दल एक सूचना. मनगट घामाने ओलं असलं आणि पट्टा सैल असला की ही घड्याळं चुकतात. पुढच्या वेळी थांबून मनगटावर दोन बोटं ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते, म्हणून लगेच मोजा.

मग या ओढाताणीत शेवटी हरतं कोण? मला यातलं सगळ्यात काळजीचं हेच वाटतं. रक्तदाब कोसळू देणं शरीराला परवडत नाही. म्हणून एका टप्प्यानंतर ते त्वचेकडचा पुरवठाच रोखून धरतं. आराम करणारा माणूस नुसता तापवला तर त्याच्या त्वचेकडे मिनिटाला ७ ते ८ लिटरपर्यंत रक्त जाऊ शकतं. व्यायाम चालू असताना मात्र शरीर ३८ अंशांच्या आसपास पोचलं की ही वाढ त्याच्या निम्म्यावरच अडते. दाब टिकतो, पाय चालत राहतात, पण उष्णता बाहेर काढण्याचं काम मागे पडतं आणि आतलं तापमान चढत जातं. बाहेरून हे दिसत नाही. दिसते ती फक्त नाडी, आणि जिद्दीने चालणारा माणूस तीच बाजूला सारतो. तुम्ही डिसेंबरचे ५० मिनिटं एप्रिलमध्ये राखलेत ही तुम्हाला कमाई वाटली असेल. माझ्या मते गेल्या रविवारी चुकलं ते एवढंच.

दरवाज्यातल्या अंधारीचं कारण वेगळं आहे, तरी जोडलेलं. चालताना पोटरीचे स्नायू दर पावलाला शिरा पिळून रक्त वर ढकलतात. तुम्ही थांबलात, हे ढकलणं बंद झालं, पण त्वचेतल्या वाहिन्या उघड्याच होत्या. अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांत साचलं, हृदय रिकामं पडू लागलं, मेंदूचा पुरवठा क्षणभर तुटला. म्हणून वर पोचल्यावर उभं राहून फोटो काढत बसू नका. दरवाज्यातून आत जाऊन पाच मिनिटं सावकाश चालत राहा. तरीही अंधारी आलीच तर बसू नका, सावलीत आडवे व्हा आणि पाय सॅकवर उंच ठेवा. मिनिटा-दोन मिनिटांत डोकं साफ व्हायला हवं.

आता विंडचीटर. तुमच्या मित्राचा सल्ला अजिबात मानू नका. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तुमच्या ४०० किलोकॅलरींना तत्त्वतः ७०० मिलिलिटर घाम पुरतो. उन्हाची भर धरली तर त्याहून जास्त लागतो. पण थंडावा मिळतो तो घाम वाळण्याने. जो घाम टपकून मातीत पडला किंवा कपड्यात अडकला त्याने पाणी गेलं, उष्णता गेली नाही. विंडचीटर नेमकं वाळणंच थांबवतं. आतली हवा दमट होते, त्वचा ३५ वरून साडेछत्तीस-सदतीसकडे सरकते, फरक ३ अंशांवरून एक-दीडवर येतो, आणि तीच उष्णता काढायला ६ ते ९ लिटर रक्त लागेल, जे तुमच्याकडे नाहीच. काट्यावर घटलेला किलो पाण्याचा असतो, संध्याकाळपर्यंत परत येतो. चरबी किती जळली हे चढाईच्या कष्टावर ठरतं, घामावर नाही.

याच्या उलट करा. पातळ, सैल, फिक्या रंगाचा शर्ट घाला आणि एक पंचा सोबत ठेवा. दर वीसेक मिनिटांनी तो भिजवून मान, चेहरा आणि दंडांवर फिरवा, शर्टही ओला करा. एप्रिलमध्ये पुण्याची दुपारकडची हवा कोरडी असते, पाणी भराभर वाळतं आणि त्वचा दोन अंशांनी जरी उतरली तरी वरच्या हिशोबात ३ लिटरची मागणी दोनच्याही खाली येते. तेवढं रक्त पायांना मोकळं होतं. या कोरड्या हवेचा एक तोटाही आहे. घाम लगेच वाळल्यामुळे आला किती हे कळत नाही. काळ्या टी-शर्टावर पाठीला पांढरे मिठाचे डाग दिसले तर समजा की बराच गेला आहे.

किती गेला ते घरी मोजता येतं. निघण्याआधी लघवी करून, कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. जेवढं घटलं त्यात वाटेत प्यायलेलं पाणी मिळवा, तो तुमचा घाम. एक किलो म्हणजे एक लिटर. मात्र वरचं पिठलं-भाकरी त्या दिवशी सोडावं लागेल, नाहीतर हिशोब चुकेल. वजनातली घट एका टक्क्याच्या आत, म्हणजे तुमच्यासाठी ७०० ग्रॅमच्या आत ठेवता आली तर नाडीचं चढणं बरंच आटोक्यात राहतं. त्यासाठी निघण्याच्या दोन तास आधी दोन ग्लास पाणी, आणि चढताना दर पंधरा मिनिटांनी चार-पाच घोट. वाटेवरच्या झोपड्यांत मिळणारं मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा ताक उत्तम. पण वजन वाढेल इतकं पिऊ नका. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि तेही धोक्याचं असतं.

वेग नाडीवरून ठरवा, वेळेवरून नाही. उन्हाळाभर १४५ ते १५० च्या वर जाऊ देऊ नका. गेली तर सावलीत, पाय हलवत थांबा. ६५-७० मिनिटं लागतील, लागू द्यात. साडेसहाला पायथ्याशी असाल तर त्यातला बराचसा त्रास आपोआप टळेल.

शरीर उन्हाला सरावतं, पण आठवड्यातून एका रविवारने नाही. त्यासाठी सलग १० ते १४ दिवस, रोज तासभर घाम येईल असं उन्हाच्या वेळी चालावं लागतं. पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातलं पाणी वाढतं, म्हणजे मूळ साठाच मोठा होतो. नंतर घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. दिवसभर एसीत बसत असाल तर संध्याकाळी साडेपाचला तळजाईवर जात चला. पहिले तीन दिवस अर्धाच तास, अगदी बोलत चालता येईल अशा वेगाने, मग हळूहळू तासभर. आजारपणात किंवा जुलाब झालेले असताना हे करू नका. बीपीची गोळी चालू असेल, विशेषतः लघवी जास्त होणारी किंवा नाडी मंद ठेवणारी, तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. नाडी मंद ठेवणाऱ्या गोळीवर तर नाडीचे वरचे आकडे तुम्हाला लागूच पडत नाहीत.

एक गोष्ट तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना सांगा. चढताना कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, विनाकारण चिडला, तर तो दमलेला नाही, त्याचा मेंदू तापतोय. अंग घामाने ओलं आहे म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका. व्यायामाने होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. त्याला खाली न्यायची घाई आधी करू नका. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, सगळ्यांच्या बाटल्यांतलं पाणी त्याच्या अंगावर ओता, टोप्यांनी आणि पंचांनी जोरात वारा घाला, आणि हे चालू असतानाच एकाने १०८ ला फोन लावावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. बर्फ मिळाला तर तो मान, काख आणि जांघेत ठेवा, आणि मदत येईपर्यंत पाणी-वारा थांबवू नका.

तुमची ईसीजी आणि दोन आठवड्यांच्या तळजाईनंतरची पहिली चढाई झाली की मला तीन आकडे कळवा: निघताना आणि परतल्यावरचं वजन, वाटेत प्यायलेलं पाणी, आणि चढाईच्या मध्यावर बोटांनी मोजलेली नाडी. घाम पूर्वीपेक्षा जास्त येऊनही नाडी खाली असेल, तर सराव लागू पडला. पाणी नीट घेऊन, वेग कमी करूनही ती १६५ च्या घरातच राहिली, तर चढाई थांबवा आणि हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.